गजर बंद करणारा हात

सकाळी गजर वाजतो, हात उशीपाशी जातो, आवाज थांबतो आणि माणूस पुन्हा झोपतो. तासाभराने जाग येते तेव्हा गजर वाजल्याचे त्याला आठवतही नाही. घरचे सांगतात, वाजला होता आणि तूच बंद केलास. तो म्हणतो, वाजलाच नाही. यात तो खोटे बोलत नसतो. झोपेतून आलेली जाग काही मिनिटेही टिकली नाही, तर ती सहसा स्मरणात राहत नाही. रात्री कूस बदलताना, पांघरूण ओढताना माणूस कितीदा तरी क्षणभर जागा होतो आणि सकाळी त्यातले काहीच सांगू शकत नाही, त्यातलाच हा प्रकार. फरक एवढाच की त्या विसरलेल्या क्षणात त्याच्या हाताने एक काम उरकलेले असते.

हात हे काम करू शकतो, कारण मेंदू एकदम जागा होत नाही, टप्प्याटप्प्याने होतो. श्वास, हालचाल आणि साधी जाग सांभाळणारे आतले, तळाकडचे भाग लवकर सावध होतात. कपाळामागचा भाग मात्र मागे रेंगाळतो. बेत आखणे, परिणाम तोलणे, समोरचा मोह आवरणे ही कामे त्याच भागाची. ‘आता झोपलो तर गाडी चुकेल’ हा विचार जिथे व्हायचा ते ठिकाणच अजून अर्धवट झोपेत असते, आणि ओळखीचे बटण दाबण्याइतका हात तेवढा जागा झालेला असतो. या मधल्या अवस्थेला झोपेच्या अभ्यासात ‘स्लीप इनर्शिया’ म्हणतात. मराठीत तिला निद्राजडत्व म्हणता येईल. घरात तिला झोपेची गुंगी म्हणतात आणि तो शब्द पुरेसा आहे.

ही गुंगी साधारण पंधरा ते तीस मिनिटे राहते. झोप अपुरी असेल तर ती तासभरही लांबू शकते. गाढ झोपेतून उठवले गेल्यास ती जास्त जाणवते, आणि पहाटे शरीराचे तापमान सर्वांत खाली गेलेले असते त्या सुमारास उठावे लागले तरीही. हे तापमान नेहमीच्या उठण्याच्या वेळेआधी दोनतीन तास तळाला जाते. म्हणून रोज आठला उठणाऱ्याने एक दिवस साडेपाचचा गजर लावला, तर तो नेमका त्या खड्ड्यात वाजतो.

गुंगीत असलेल्या माणसाच्या निर्णयावर किती विसंबावे, याचे एक टोकाचे उदाहरण भारतातच घडलेले आहे. २२ मे २०१० रोजी मंगळूरच्या विमानतळावर दुबईहून आलेले विमान धावपट्टी ओलांडून दरीत कोसळले आणि १५८ जण मृत्युमुखी पडले. चौकशीत कॉकपिटमधल्या ध्वनिमुद्रणावर मुख्य वैमानिकाच्या घोरण्याचा आवाज मिळाला. तो प्रवासात बराच वेळ झोपलेला होता. उतरण्याआधी तो जागा झाला, पण त्या झोपेच्या गुंगीने त्याच्या निर्णयशक्तीवर परिणाम केला असावा, असे चौकशी अहवालाने म्हटले. जिथे प्रशिक्षित वैमानिकाची ही गत, तिथे उशीजवळचा फोन हातात घेतलेल्या माणसाकडून विवेकाची अपेक्षा ठेवणे व्यर्थ आहे. गजर बंद करून झोपणाऱ्यांना घरात ‘आळशी’ म्हणतात. निदान गजरानंतरच्या पहिल्या काही मिनिटांपुरते हे विशेषण चुकीचे आहे. आळस करायलाही थोडी शुद्ध लागते.

यातून एक गोष्ट निघते आणि पुढचे सगळे तिच्यावर उभे आहे: सकाळचा कोणताही निर्णय सकाळवर सोडायचा नाही. उठायचे की नाही, किती वाजता, उठून कुठे जायचे, हे सगळे आदल्या संध्याकाळी, पूर्ण जाग असताना ठरवून ठेवायचे आणि सकाळच्या माणसाकडे फक्त अंमलबजावणी ठेवायची. तीही इतकी सोपी की अर्धवट झोपेत हातून होईल.

आधी स्नूझच्या बटणाचा हिशेब करावा लागतो, कारण सगळा दोष त्याच्या माथी मारला जातो. हे बटण जनरल इलेक्ट्रिक-टेलिक्रॉन या अमेरिकी कंपनीने १९५६ साली घड्याळावर आणले. आयफोनवर त्याचा ठरीव अवकाश पूर्वापार नऊ मिनिटांचा आहे. इतर फोनांवर तो पाच किंवा दहा मिनिटे असतो आणि बदलता येतो. स्नूझ म्हणजे विष, असे सांगणारे पुष्कळ आहेत, पण पुरावा तितका कडक नाही. स्टॉकहोम विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, स्नूझची सवय असलेल्या ३१ जणांना प्रयोगशाळेत अर्धा तास स्नूझ करू दिले. त्यांची झोप सरासरी सहाच मिनिटांनी कमी झाली, आणि उठल्यावर त्यांच्या बुद्धीच्या चाचण्या एकदम उठवल्याच्या दिवसापेक्षा वाईट आल्या नाहीत. काही चाचण्या तर किंचित बऱ्या आल्या. तेव्हा दोनदा स्नूझ दाबून जो तिसऱ्यांदा खरोखर उठतो, त्याने काही बदलायची गरज नाही.

अडचण त्याची आहे, जो स्नूझ न दाबता गजर पुरता बंद करतो किंवा एकामागून एक सगळे गजर बंद करत जातो. दुसरी हाक येणारच नसते, आणि डोळा लागला की तो पुन्हा कधी उघडेल हे नशिबावर. यावरचा लोकप्रिय उपाय म्हणजे पाच-पाच मिनिटांच्या अंतराने सहा-आठ गजर लावणे. तो उलटतो. पहिल्या सात गजरांना उठायचे नसते हे मेंदू आठवड्याभरात शिकतो, आणि एकदा शिकला की आठवाही त्याच माळेतला मणी वाटतो.

उदाहरण म्हणून डोंबिवलीत राहणारा आणि फोर्टमधल्या कचेरीत जाणारा सत्तावीस वर्षांचा एक तरुण घेऊ. हे नमुन्याचे चित्र आहे, पण मध्य रेल्वेच्या कोणत्याही डब्यात अशी दहा माणसे सापडतील. घर वन-बीएचके. आई-वडील आतल्या खोलीत, हा हॉलमध्ये गादी टाकून झोपतो. रात्री साडेबाराला दिवा मालवतो. फोन चार्जरला लावून उशीशेजारी. गजर साडेपाचपासून दहा-दहा मिनिटांनी पाच. सगळे हातानेच बंद होतात. सहापासून आईच्या हाका सुरू होतात, “उठतोस का रे?” ला आतून “हो, उठलो” असे उत्तरही जाते, तेही गुंगीतच. अखेर सहा चाळीसला पंखा बंद होतो तेव्हा तो उठतो. घरातून सात दहाला निघायचे असते. आठवड्यातून दोनदा नेहमीची लोकल चुकते.

पहिले काम वेळेच्या हिशेबाचे. सात दहाला निघायचे, तर शौच, अंघोळ, कपडे यांना अर्धा तास, चहा-नाश्त्याला पंधरा मिनिटे आणि इकडेतिकडे दहा. म्हणजे सव्वासहाला पाय जमिनीवर हवेत. मग गजर साडेपाचचा का? कारण चार महिन्यांपूर्वी त्याने सकाळी चालायला जायचे ठरवले होते. ते झाले नाही, गजर मात्र राहिला. हा इच्छेचा गजर आहे, गरजेचा नव्हे. आणि गजर बंद करायची सवय बहुधा अशाच गजरांवर लागते. साडेपाचला न उठल्याने काहीही बिघडत नाही, हे झोपलेल्या माणसालाही ठाऊक असते. म्हणून पाचही गजर काढून टाकायचे आणि सहा दहाचा एकच ठेवायचा. साडेपाच ते सहा दहा ही चाळीस मिनिटांची अखंड झोप त्याला फुकट परत मिळते. एरवी ती पाच तुकड्यांत वाया जात होती.

दुसरा गजर हवा, पण तो राखीव म्हणून, आणि दुसऱ्या यंत्रावर. वेळ अशी निवडायची की तेव्हा उठले तर नाश्ता चुकेल पण गाडी मिळेल: इथे साडेसहा. चावीचे किंवा सेलवरचे साधे टेबलघड्याळ यासाठी उत्तम, कारण त्याच्यावर फोनची बॅटरी संपणे, ‘डू नॉट डिस्टर्ब’ चालू राहणे यांचा परिणाम होत नाही. ते आई-वडिलांच्या खोलीत राहील. गजर कधी वाजतच नसल्याची शंका असेल तर फोनही तपासावा. पुष्कळ अँड्रॉइड फोनांवर गजराचा आवाज रिंगटोनपासून वेगळा असतो आणि नकळत खाली गेलेला असतो. आयफोनच्या नव्या मॉडेलांवर तर फोनकडे पाहताच गजराचा आवाज आपोआप हळू होण्याची सोय आहे. गुंगीत असलेल्याला ती बाधते, म्हणून सेटिंग्जमध्ये जाऊन बंद करावी.

आता जागा. फोन उशीपासून दूर ठेवा, हा सल्ला सगळ्यांनी ऐकलेला असतो, बहुतेकांनी करूनही पाहिलेला असतो आणि फसलेलाही असतो. माणूस उठतो, चार पावले चालतो, टीव्हीच्या टेबलावरचा फोन बंद करतो आणि तीच चार पावले मागे येऊन पांघरूण घेतो. चूक अंतराची नसते, दिशेची असते. अंतर फक्त जाण्यापुरते असते, परतीचा रस्ता मोकळाच राहतो. फोन अशा ठिकाणी हवा जिथे गेल्यावर पुढचे काम समोरच उभे असेल. या घरात अशी जागा म्हणजे न्हाणीघराबाहेरचे बेसिन. फोन बेसिनवरच्या फळीवर, शेजारी पाण्याने भरलेला तांब्या. वाटेत ट्यूबलाइटचे बटण लागते. क्रम असा: उठणे, बटण दाबणे, बेसिनपाशी जाऊन गजर बंद करणे, त्याच हाताने नळ सोडणे, तोंडावर पाणी, मग घोटभर पाणी पिणे, आणि तिथून सरळ शौचाला. पाच मिनिटांत माणूस अंथरुणापासून तीन कामे दूर गेलेला असतो.

त्यानंतर, हॉलमध्ये परत येताच, गादीची गुंडाळी. जमिनीवर अंथरूण घालण्याच्या जुन्या पद्धतीत ही सोय आयतीच होती: गादी गुंडाळून भिंतीला टेकवली की झोपायला जागाच उरत नसे. पलंगावर झोपणाऱ्याला ही सोय बनवून घ्यावी लागते. उशी आणि पांघरूण कपाटात टाकायचे, चादरीवर अंघोळीनंतर घालायचे कपडे पसरायचे. सोफ्याचे मात्र सांभाळायला हवे. पलंग सोडून ‘दोन मिनिटे’ सोफ्यावर टेकलेल्यांची संख्या लहान नाही.

क्रम कागदावर सोपा दिसतो, तरी पहिल्या सकाळी तो आठवणार नाही. म्हणून त्याची तालीम करावी लागते, तीही संध्याकाळी, जागेपणी. हे ऐकायला पोरकट वाटते आणि बहुतेक जण याच कारणाने टाळतात. प्रत्यक्षात सगळ्या दिनक्रमात सर्वांत उपयोगी भाग हाच आहे. कचेरीतून आल्यावर गादी घालायची, दिवा मालवायचा, गजर तीन मिनिटांनंतरचा लावायचा, पांघरूण घेऊन डोळे मिटून पडायचे. गजर वाजला की विचार न करता उठून बटण, बेसिन, गजर, नळ, पाणी हा क्रम पुरा करायचा. पुन्हा पडायचे, पुन्हा तेच. एका वेळी पाच-सहा फेऱ्या, असे तीनचार दिवस. पुरेसे वेळा केलेले काम सवयीच्या यंत्रणेकडे जाते आणि तिला कपाळामागच्या भागाची परवानगी लागत नाही. आजवर ‘गजर वाजला की बटण दाबून झोपायचे’ हेही असेच शिकले गेले होते, फक्त त्याची तालीम रोज पाच वेळा व्हायची. मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांनी १९९९ साली मांडलेले निष्कर्षही याच वळणाचे आहेत: ‘मी लवकर उठेन’ या संकल्पापेक्षा ‘गजर वाजला की मी ट्यूबलाइट लावीन’ असा प्रसंग आणि कृती जोडलेला बेत अधिक पाळला जातो.

आवाजाबद्दल गैरसमज फार. कर्कश म्हणजे चांगला असे नाही. आग लागल्याची सूचना देणाऱ्या यंत्रांवर झालेल्या प्रयोगांत, साधारण ५२० हर्ट्झचा खालच्या पट्टीतला भरीव आवाज नेहमीच्या चिरक्या आवाजापेक्षा जास्त झोपलेल्यांना उठवतो असे दिसले. २०२० साली ऑस्ट्रेलियातल्या एका पाहणीत, सूर असलेल्या गजराने उठणाऱ्यांनी नुसत्या टीं-टीं आवाजाने उठणाऱ्यांपेक्षा कमी गुंगी सांगितली. आणखी एक जुनी गोष्ट कामाची आहे. झोपेतही मेंदू कानावर पडलेले निवडत असतो. १९६० साली इंग्लंडमध्ये झालेल्या प्रयोगात झोपलेल्या माणसांच्या मेंदूने इतर नावांपेक्षा स्वतःच्या नावाला जास्त प्रतिसाद दिला. गाडीच्या धडधडीत निवांत झोपलेली आई बाळाच्या बारीक रडण्याने उठते, ती याच निवडीमुळे. तेव्हा घरच्या कोणाच्या आवाजात स्वतःच्या नावाची हाक ध्वनिमुद्रित करून ती गजर म्हणून लावणे हा खर्च नसलेला आणि करून पाहण्याजोगा उपाय आहे. महिन्या-दोन महिन्यांनी आवाज बदलावा, कारण कान कशालाही सरावतो आणि सरावलेला गजर स्वप्नात देवळाची घंटा होऊन वाजत राहतो.

गणिते सोडवल्याशिवाय किंवा न्हाणीघरातल्या एखाद्या वस्तूचा फोटो काढल्याशिवाय बंद न होणारे गजरही मिळतात. त्यांतला फोटोचा प्रकार बरा, कारण तो माणसाला चालवतो. गणिताचा प्रकार पडल्यापडल्या उरकतो, आणि काही आठवड्यांत लोक फोनच बंद करायला शिकतात. कुबडी म्हणून पहिला महिना वापरायला हरकत नाही.

खोलीत आणखी कोणी झोपलेले असेल, रात्रपाळी करून आलेला भाऊ किंवा लहान मूल, तर मोठा गजर हा घरातल्या भांडणाचा विषय होतो. तिथे मनगटावर थरथरणारे घड्याळ चालते, पण ते हातातच असल्याने बंद करणेही सोपे. त्याचा उपयोग पहिली जाग आणण्यापुरता करावा आणि दोन मिनिटांनंतरचा आवाजी गजर बेसिनपाशी ठेवावा. उठला नाही तर सगळे घर उठेल, ही भीती त्या दोन मिनिटांत बरेच काम करते.

आईच्या हाकांचे काय? त्या प्रेमाच्या असल्या तरी व्यवहारात त्या स्नूझच असतात. दर पाच मिनिटांनी हाक येणार हे माहीत असलेला माणूस निश्चिंत झोपतो. त्यापेक्षा रात्रीच ठरवून घ्यावे: साडेसहाचे राखीव घड्याळ वाजले आणि मुलगा दिसला नाही, तर आईने एकदाच यायचे, हाक न मारता पंखा बंद करायचा, दिवा लावायचा आणि निघून जायचे. “हो, उठलो” या उत्तरावर विश्वास ठेवायचा नाही.

उजेडाकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते. मेंदूतले चोवीस तासांचे घड्याळ डोळ्यांवर पडणाऱ्या प्रकाशाने लावले जाते, आणि माणसांत ते सरासरीने चोवीस तासांपेक्षा थोडे जास्तच चालते. रोज सकाळी उजेड मिळाला नाही तर ते मागे पडत जाते. महाराष्ट्राचा पश्चिम भाग याबाबतीत कमनशिबी. सगळ्या देशाची घड्याळे ८२.५ अंश रेखांशावर लावलेली आहेत आणि मुंबई जवळजवळ दहा अंश पश्चिमेला, त्यामुळे घड्याळ सूर्याच्या सुमारे चाळीस मिनिटे पुढे चालते. जूनच्या सुरुवातीला मुंबईत सूर्योदय सहाच्या सुमारास होतो, पण जानेवारीत तो सव्वासातच्या आसपास. म्हणजे उदाहरणातल्या तरुणाचा सहा दहाचा गजर थंडीत सूर्योदयाच्या तासभर आधी, अंधारात वाजतो. ट्यूबलाइट हा सूर्याचा पर्याय नव्हे, तिचा उजेड बाहेरच्या उजेडाच्या मानाने किरकोळ असतो. तरीही अंधारापेक्षा ती पुष्कळ बरी, म्हणून तिचे बटण क्रमात पहिले. उरलेले काम फलाटावर होते: छपराखाली न थांबता उघड्यावर उभे राहिलेली दहा मिनिटे घड्याळ लावायला कामी येतात.

इथवर सकाळ झाली. पण एवढे करूनही हा तरुण रात्री साडेबाराला झोपत राहिला, तर त्याला पावणेसहा तासच मिळतात. प्रौढ माणसाला किमान सात लागतात. अपुऱ्या झोपेवर कोणताही गजर फार दिवस टिकत नाही, कारण झोपेचे कर्ज जसे वाढते तशी गुंगी दाट होते आणि एका सकाळी नळ सोडलेला माणूसही भिंतीला टेकून डुलकी घेतो. झोप पुढे सरकवावी लागते, मात्र एकदम नाही. उद्यापासून दहाला झोपायचे असे ठरवणारा दोन तास छताकडे पाहत पडतो, कारण नेहमीच्या झोपेच्या वेळेआधीचे दोनतीन तास शरीर उलट जास्त जागे असते. म्हणून दर तीन रात्रींनी पंधरा मिनिटे अलीकडे यायचे. साडेबारापासून अकरापर्यंत यायला सहा टप्पे, म्हणजे अठरा रात्री. अखेरीस अकरा ते सहा दहा, सात तास दहा मिनिटे. या काळात उठण्याची वेळ मात्र पहिल्या दिवसापासून पक्की ठेवायची, कारण सकाळी वेळेवर उठल्यानेच रात्री वेळेवर झोप येते. उलटे केले तर जमत नाही. सुरुवात शनिवारी करावी, आणि पहिले चारसहा दिवस, झोप कमी पडत असताना, उठल्या उठल्या दुचाकी चालवू नये.

दुपारनंतरचा चहा-कॉफी या बेताला हळूच सुरुंग लावते. कॅफिनचा अर्धा अंश शरीरातून जायला साधारण पाच तास लागतात, त्यामुळे संध्याकाळी सहाच्या कपातले निम्मे कॅफिन रात्री अकरालाही अंगात असते. सकाळचा चहा मात्र उपयोगी. त्याचा परिणाम जाणवायला वीस-तीस मिनिटे लागतात, म्हणजे गुंगी ओसरण्याच्या सुमारासच तो मदतीला येतो. चहा होईपर्यंत उठायचे नाही, हा हट्ट म्हणूनच फोल आहे.

रविवारी सगळा बेत ढासळतो. पाच दिवस सहा दहाला उठून रविवारी साडेदहापर्यंत झोपलेल्या माणसाचे आतले घड्याळ मागे जाते. रविवारी रात्री झोप येत नाही आणि सोमवारचा गजर पुन्हा हाताखाली मरतो. रविवारी तासभर जास्त झोपावे, त्याहून जास्त नाही. कमी पडलेली झोप दुपारच्या वीस-पंचवीस मिनिटांच्या वामकुक्षीत काढावी. ती तासावर गेली की गाढ झोपेतून उठण्याची तीच गुंगी संध्याकाळी वाट्याला येते.

झोपेचे चक्र दीड तासाचे असते, म्हणून दीड तासाच्या पटीत गजर लावा, असा एक हिशेब लोकप्रिय आहे. त्यावर वेळ घालवू नये. हे चक्र सत्तर मिनिटांचेही असते आणि दोन तासांचेही, एकाच माणसात एकाच रात्री बदलते, आणि झोप नेमकी कधी लागली हे झोपणाऱ्याला कळत नाही. गाढ झोप मुख्यतः रात्रीच्या पहिल्या भागात आटोपते. पुरेसा झोपलेला माणूस पहाटे बहुधा हलक्या झोपेतच असतो. त्या साखरझोपेतून उठणे जिवावर येते, पण ते जमण्यासारखे असते.

बेत लागू पडतो आहे की नाही, हे ओळखायला उशीखाली नव्हे, बेसिनवर एक छोटी वही ठेवावी. रोज तीन आकडे: रात्री दिवा कधी मालवला, गजर किती वाजता होता, पाय जमिनीवर कधी टेकले. शेवटच्या दोहोंतले अंतर हेच खरे माप. उदाहरणातल्या तरुणाचे ते सुरुवातीला पहिल्या गजरापासून मोजले तर सत्तर मिनिटे होते. जागा, दिवा आणि तालीम यांनी ते पहिल्या आठवड्यातच उतरायला हवे, आणि तीन आठवड्यांत पाच मिनिटांच्या आत यायला हवे. अंतर कमी होऊन पुन्हा वाढू लागले, तर वहीतला पहिला आकडा पाहावा. दिवा मालवण्याची वेळ बहुधा पुन्हा बाराकडे सरकलेली असते. एखादा दिवस चुकला तर त्याचे कारण दोन शब्दांत लिहावे. ‘फोन उशीजवळ’ हे कारण सर्वांत जास्त वेळा येते.

काहींच्या बाबतीत हे सगळे नीट करूनही आकडे हलत नाहीत. पहाटे तीनशिवाय झोपच न येणारे आणि सुट्टीत अकरापर्यंत उत्तम झोपणारे तरुण असतात. त्यांचे आतले घड्याळच मागे असते. या विकाराचे वर्णन १९८१ सालीच झालेले आहे आणि त्यावर उजेडाच्या ठरावीक वेळा देऊन उपचार करता येतात. मोठ्याने घोरणारा, झोपेत श्वास अडकून दचकणारा माणूस आठ तास झोपूनही थकलेला उठतो. सर्दीच्या, अ‍ॅलर्जीच्या किंवा नैराश्यावरच्या काही गोळ्या रात्री घेतल्या की सकाळची गुंगी लांबते. थायरॉइड मंद असणे, रक्त कमी असणे, मन खचलेले असणे, यांतही अंथरूण सुटत नाही. तीन आठवडे रोज सात ते आठ तास झोप मिळूनही गजर ऐकू येत नसेल, किंवा दिवसा बसल्याबसल्या डोळे मिटत असतील, तर नवा गजर शोधणे थांबवावे आणि बेसिनवरची ती वही घेऊन डॉक्टरांकडे जावे.